त्रिघातीचा विवेचक आणि गॅल्वा ग्रुप: A3 की S3, हे नक्की कसं ठरवायचं?

निशिगंध
एक उदाहरण दोन दिवस छळतंय. परिमेय संख्यांवर f = x³ − x² − 4x − 1 घ्यायचं आणि त्याच्या स्प्लिटिंग फील्डचा ग्रुप सांगायचा. नियम माहीत आहे: विवेचक पूर्ण वर्ग असेल तर ग्रुप चक्रीय, म्हणजे A3, नसेल तर S3. मी विवेचक काढला तो असा:

b²c² = 16, −4c³ = 256, −4b³d = −4, −27d² = −27. बेरीज 241.

241 ही मूळ संख्या आहे, वर्ग असण्याचा प्रश्नच नाही. मग ग्रुप S3. पण उत्तरसूचीत 'चक्रीय' छापलंय. उत्तरसूची चुकली की मी? आणि दुसरं म्हणजे, वर्ग असला की चक्रीयच का, हे कुणी सूत्र न फेकता सांगेल का?

आलेखवाला
यात ठरवायचं काय आहे? कुठल्याही त्रिघातीचा आलेख काढा, तो आपल्या वळणबिंदूभोवती 180 अंशांत फिरवला की स्वतःवरच बसतो. सिमेट्री सगळ्यांची सारखीच. तुमच्या उदाहरणात वळणबिंदू x = 1/3 ला येतो.

ऋणचिन्ह
@आलेखवाला, ती वक्राची सिमेट्री. इथे मुळांच्या अदलाबदलीची सिमेट्री विचारली आहे. तीन मुळे आपसांत कशी फिरवली तर परिमेय सहगुणकांची सगळी नाती जशीच्या तशी टिकतात, हा प्रश्न आहे. पण 1/3 लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

सोलापुरी_चटणी
निशिगंध, एवढी आकडेमोड कशाला? शॉर्टकट आहे. तिन्ही मुळे वास्तव असली की चक्रीय, एकच वास्तव असलं की S3. तुमच्या बहुपदीत f(−2) = −5, f(−1) = 1, f(0) = −1, f(3) = 5. तीन वेळा चिन्ह बदललं, म्हणजे तीन वास्तव मुळे. चक्रीय. उत्तरसूची बरोबर.

खडूफळा
उत्तर बरोबर, कारण अर्धंच बरोबर. @सोलापुरी_चटणी, तुमच्या नियमाची एक बाजू खरी आहे. परिमेय संख्यांवर ग्रुप चक्रीय असेल तर विवेचक वर्ग, म्हणजे धन, म्हणजे तिन्ही मुळे वास्तव. उलट दिशा मात्र चालत नाही. x³ − 4x + 2 घ्या. −3 ला −13, 0 ला 2, 1 ला −1, 2 ला 2. तिन्ही मुळे वास्तव. विवेचक 4·64 − 27·4 = 256 − 108 = 148. 12 चा वर्ग 144, 13 चा 169, मध्ये 148 लटकतोय. ग्रुप S3. वास्तव मुळे मोजून फक्त विवेचकाचं चिन्ह कळतं, तो वर्ग आहे की नाही ते कळत नाही. एकच वास्तव मूळ दिसलं तर S3 म्हणायला हरकत नाही, पण आधी बहुपदी अविभाज्य आहे हे बघून.

आता 241. पाच पदांपैकी एक गाळलंय. x³ + bx² + cx + d साठी विवेचक

D = b²c² − 4c³ − 4b³d − 27d² + 18bcd

शेवटचं पद 18·(−1)(−4)(−1) = −72. 241 − 72 = 169 = 13². उत्तरसूची बरोबर आहे.

निशिगंध
18bcd! आम्हाला −4p³ − 27q² इतकंच पाठ होतं, उरलेलं मी आठवून जोडलं. ठीक. पण 'का' अजून बाकी आहे.

ऋणचिन्ह
'का'च्या आधी एक पायरी सगळ्यांनी गाळली आहे. बहुपदी अविभाज्य आहे हे कुणी तपासलं? अग्रसहगुणक 1 आणि अचर पद −1, म्हणून परिमेय मूळ असलं तर ±1 पैकीच. f(1) = −5, f(−1) = 1. दोन्ही शून्य नाहीत आणि घात तीन, म्हणून अविभाज्य. हे दोन ओळींचं काम न करता विवेचकावर उडी मारली तर x³ − 7x + 6 मध्ये पडाल. त्याचा विवेचक 4·343 − 27·36 = 1372 − 972 = 400 = 20². अगदी गुळगुळीत वर्ग. पण मुळे 1, 2 आणि −3! ग्रुपमध्ये एकच घटक आहे, फिरवायला काही उरलेलंच नाही.

टिवल्या_बावल्या
परीक्षेत x³ − 7x + 6 देऊन 'ग्रुप सांगा' विचारणाऱ्याला S3 ने फिरवावं.

खडूफळा
@ऋणचिन्ह, मान्य. तरी विवेचक तिथेही खोटं बोलत नाही. तो एवढंच सांगतो की ग्रुप A3 च्या आत आहे की नाही. A3 च्या आत दोनच उपग्रुप बसतात, पूर्ण A3 किंवा फक्त तत्समक. अविभाज्यता दुसरा पर्याय काढून टाकते. x³ − 1 चा विवेचक −27, वर्ग नाही, बहुपदी विभाज्य, ग्रुप दोन घटकांचा. म्हणजे दोन प्रश्न वेगळे विचारायचे: तुकडे पडतात का, आणि D वर्ग आहे का. दोन्ही उत्तरं मिळाली की चारही शक्यता वेगळ्या होतात.

आता निशिगंधचं 'का'. मुळे α, β, γ. एक संख्या बनवा:

δ = (α − β)(β − γ)(γ − α)

विवेचक म्हणजे δ². α→β→γ→α असं चक्र फिरवा: पहिला कंस दुसऱ्याच्या जागी जातो, दुसरा तिसऱ्याच्या, तिसरा पहिल्याच्या. δ जसाच्या तसा. आता फक्त α आणि β ची अदलाबदल करा: पहिल्या कंसाचं चिन्ह उलटतं, उरलेले दोन एकमेकांची जागा घेतात आणि दोघांचीही चिन्हं उलटतात. एकूण तीन ऋण, म्हणजे δ चा −δ झाला.

ग्रुपच्या सगळ्या हालचालींत जे बदलत नाही ते परिमेय असतं, आणि जे परिमेय ते कुठल्याच हालचालीत बदलत नाही. D वर्ग असेल तर δ परिमेय, म्हणून δ ला −δ करणारी एकही अदलाबदल ग्रुपमध्ये असू शकत नाही. उरतं A3. D वर्ग नसेल तर δ परिमेय नाही, म्हणून त्याला हलवणारी एखादी अदलाबदल ग्रुपमध्ये असलीच पाहिजे. अविभाज्यतेमुळे ग्रुपच्या घटकांची संख्या तीनने भागली जाते, वर अदलाबदल आली, म्हणजे सहाच. S3.

निशिगंध
हे कळलं. पण मग δ परिमेय असताना मुळांचं प्रत्यक्ष काय होतं? ग्रुपमध्ये तीनच घटक म्हणजे एक मूळ कळलं की बाकीची दोन त्यातूनच परिमेय सहगुणकांनी निघाली पाहिजेत. ती काढून दाखवता येतात का? की नुसतं 'असतात' म्हणून सोडायचं?

खडूफळा
काढता येतात, आणि एकदा हाताने काढावीतच. आकडे लहान राहावेत म्हणून x³ − 3x + 1 घेतो. D = 108 − 27 = 81, δ = ±9. ±1 मूळ नाही, म्हणून अविभाज्य.

α हे एक मूळ धरा. β + γ = −α, कारण x² चा सहगुणक शून्य. β − γ मिळालं की काम झालं. f′(α) = (α − β)(α − γ), म्हणून β − γ हा चिन्ह सोडता δ/f′(α) आहे. इथे f′(α) = 3α² − 3, म्हणजे δ/f′(α) = 3/(α² − 1).

आता छेदातला α² − 1 वर आणायचा. α³ = 3α − 1 आणि α⁴ = 3α² − α वापरून (α² − 1)(2α² + α − 4) गुणून पाहा. α⁴ ची दोन पदं, α³ चं एक, सगळं खाली उतरवलं की 3 उरतो. म्हणजे 3/(α² − 1) = 2α² + α − 4. तर

β, γ = (−α ± (2α² + α − 4))/2

अधिक घेतलं तर α² − 2, उणे घेतलं तर 2 − α − α². अपूर्णांकसुद्धा राहिले नाहीत.

पडताळा: मुळे आहेत 2cos40°, 2cos80°, 2cos160°, साधारण 1.532, 0.347, −1.879. पहिल्याचा वर्ग 2.347, दोन वजा केले की 0.347. त्याचा वर्ग करून दोन वजा करा, −1.879. पुन्हा तेच करा, 1.532 ला परत. 'वर्ग करा, दोन वजा करा' हीच ती A3 ची हालचाल.

सोलापुरी_चटणी
हे भारी आहे. पण मग x³ − 4x + 2 मध्येही हेच सूत्र चालेल की. तिथेही β + γ = −α आणि β − γ = δ/f′(α).

खडूफळा
चालेल, फक्त तिथे δ = √148 = 2√37. म्हणजे β लिहायला α बरोबर √37 सुद्धा लागेल. α ने तीन घाताचं फील्ड, √37 ने आणखी दोन, एकूण सहा. S3 असण्याचा अर्थ इथे डोळ्यांनी दिसतो. तुमच्या उदाहरणाचा आकडा बदलला तरी सूत्र तेच, फक्त वर्गमूळ आत येतं की बाहेरून आणावं लागतं एवढाच फरक.

वळणाचं_पाणी
पाच पदांचं सूत्र कुणी पाठ करू नये असं माझं मत. कुठलं तरी पद सुटतंच, वर आपण बघितलंच. आधी x² घालवा. @आलेखवाला यांचा 1/3 इथे कामाला येतो. x = (y + 1)/3 ठेवा आणि सगळं 27 ने गुणा:

(y + 1)³ − 3(y + 1)² − 36(y + 1) − 27 = y³ − 39y − 65

p = −39, q = −65. 4·59319 = 237276, 27·4225 = 114075. वजाबाकी 123201 = 351². झालं.

निशिगंध
पण 169 यायला हवा होता ना? 123201 कसा आला?

वळणाचं_पाणी
मुळे नुसती सरकवली तर विवेचक बदलत नाही, कारण त्यात फक्त फरक आहेत. पण इथे मुळे तीनपटही झाली. δ मध्ये तीन फरक, म्हणून δ 27 पट, आणि D 729 पट. 729·169 = 123201. 729 स्वतः 27 चा वर्ग आहे, म्हणून वर्ग असण्यानसण्यात काडीचा फरक पडत नाही. कितीही पट करा, D ला सहावा घातच लागतो. अग्रसहगुणक 1 नसला तरी हीच गंमत, तिथे a⁴ लागतो.

ऋणचिन्ह
असहमत. तुमच्या पद्धतीत सहा आकडी वर्गमूळ ओळखावं लागलं, पाच पदांत 169 आला. हाताने करणाऱ्याला 351 चा वर्ग सुचणार कसा? आणि अपूर्णांक ठेवून केलंत तर p = −13/3, q = −65/27, तिथे चिन्हं चुकायला आणखी वाव. मी पाच पदंच लिहिणार आणि प्रत्येक पद वेगळ्या ओळीवर लिहिणार.

वळणाचं_पाणी
सुचायची गरज नाही, 729 आधीच बाहेर काढा. ज्याला जे जमेल ते. मी 18bcd च्या चिन्हावर विश्वास ठेवत नाही.

टिवल्या_बावल्या
18bcd वर विश्वास ठेवू नका, 27 वर ठेवा. हळदीकुंकवाचं वाण ठरवायला याहून कमी चर्चा लागते.

कमांडलाईन
हाताने केलेलं तपासायला पारी-जीपी:

```
f = x^3 - x^2 - 4*x - 1;
polisirreducible(f)
poldisc(f)
issquare(poldisc(f))
polgalois(f)
factormod(f, 5)
```

`polgalois` च्या उत्तरातला पहिला आकडा ग्रुपच्या घटकांची संख्या, इथे 3. दुसरा 1 असेल तर ग्रुप A3 च्या आत, −1 असेल तर बाहेर. पण `polgalois` ला अविभाज्य बहुपदीच द्या. शेवटची ओळ वेगळ्या कारणासाठी आहे, खाली कुणी तरी समजावेलच.

खडूफळा
समजावतो, कारण 241 सारखी गफलत पकडायला हेच उत्तम हत्यार. बहुपदी एखाद्या मूळ संख्येच्या मापात, मॉड्यूलो p, घ्यायची आणि तुकडे किती पडतात ते बघायचं. D ला भागणाऱ्या p टाळायच्या. ग्रुप A3 असेल तर दोनच प्रकार दिसतात: एकही तुकडा पडत नाही, किंवा तीन एकघाती तुकडे पडतात. 'एक एकघाती आणि एक अविभाज्य वर्गघाती' असा तुकडा एकदा जरी दिसला तर S3 सिद्ध, विषय संपला.

x³ − 4x + 2 मॉड्यूलो 5: x³ + x + 2 = (x + 1)(x² − x + 2). वर्गघातीचा विवेचक −7, म्हणजे 3. मॉड्यूलो 5 वर्ग फक्त 0, 1, 4, म्हणून पुढे तुटत नाही. S3, एका ओळीत, आणि मोठ्या विवेचकाचं वर्गमूळही बघावं लागलं नाही.

आता निशिगंधची बहुपदी. मॉड्यूलो 2 आणि 3 मध्ये मूळ नाही. मॉड्यूलो 5 मध्ये f(1) = −5, f(2) = −5, f(3) = 5, म्हणजे मुळे 1, 2, 3, तीन तुकडे. पुढेही 1+2 असा तुकडा येणार नाही. S3 असता तर निम्म्या मूळ संख्यांना तो आला असता, कारण सहापैकी तीन घटक अदलाबदली आहेत. दहाबारा मूळ संख्या तपासून एकदाही दिसला नाही तर 241 वर शंका घ्या.

सोलापुरी_चटणी
म्हणजे दहा मूळ संख्यांना 1+2 आला नाही तर A3 सिद्ध?

ऋणचिन्ह
नाही! S3 सिद्ध करता येतं, A3 नाही. न दिसणं म्हणजे नसणं नव्हे. A3 साठी D चा वर्गच दाखवावा लागतो, नाही तर α मधून β काढून दाखवा.

कमांडलाईन
निशिगंधच्या बहुपदीत β काढायला एवढा खटाटोपही नको. α मूळ असेल तर −1/(1 + α) सुद्धा मूळ आहे. मॉड्यूलो 5 मधल्या मुळांवर बघा: 1 वरून −1/2, आणि 2 चा व्यस्त 3, म्हणून −3 = 2. 2 वरून −1/3 = −2 = 3. 3 वरून −1/4, आणि 4 म्हणजे −1, म्हणून 1. चक्र पूर्ण.

हे योगायोगाने नाही. x³ − ax² − (a + 3)x − 1 असं अख्खं कुटुंब आहे. विवेचक (a² + 3a + 9)², नेहमीच वर्ग. डॅनियल शँक्स यांनी 1974 मध्ये यांच्या फील्डांवर लिहिलं आणि 'सर्वांत साधी घन फील्डे' असं नाव दिलं. a = 1 ठेवलं की तुमचं उदाहरण, 1 + 3 + 9 = 13. a = 0 ला x³ − 3x − 1 आणि 81, a = −1 ला x³ + x² − 2x − 1 आणि 49. a पूर्णांक असेल तर f(1) = −2a − 3 आणि f(−1) = 1, दोन्ही कधीच शून्य नाहीत, म्हणून अविभाज्यताही फुकट मिळते.

वळणाचं_पाणी
x² नको असेल तर माझ्याकडे आणखी सोपा कारखाना आहे. x³ − nx + n चा विवेचक n²(4n − 27). म्हणजे 4n − 27 वर्ग हवा, तो विषमच असणार, म्हणून n = (m² + 27)/4, m विषम. m = 1, 3, 5, 7 ला n = 7, 9, 13, 19. x³ − 13x + 13 चा D = 169·25 = 65².

पूर्णांक मूळ r असेल तर r³ = n(r − 1). r − 1 आणि r यांत सामाईक काही नाही, म्हणून r − 1 = ±1. r = 2 ला n = 8, r = 0 ला n = 0. 4·8 − 27 = 5, वर्ग नाही. म्हणजे या कारखान्यातून निघालेली प्रत्येक बहुपदी अविभाज्यच. प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांनी टिपून ठेवावं.

दोनाचा_वैरी
सगळे परिमेय संख्यांवर खेळताय म्हणून निवांत आहात. 'विवेचक वर्ग म्हणजे चक्रीय' हे पायाचं फील्ड सांगितल्याशिवाय म्हणूच नये. दोन उदाहरणं.

एक, x³ − 2, D = −108. परिमेय संख्यांवर S3. पाया √−3 असलेलं फील्ड घ्या, −108 = (6√−3)², आणि तीच बहुपदी चक्रीय. हे ठीक आहे, नियम टिकला, फक्त 'कुठला वर्ग' ते बदललं.

दोन, जिथे 1 + 1 = 0. तिथे −4p³ − 27q² म्हणजे सरळ q². प्रत्येक विवेचक वर्ग! पाया F₂(t), बहुपदी x³ − t. विवेचक t². नियम म्हणतो A3. प्रत्यक्षात 1 ची घनमुळे पायात नाहीत, ती वेगळी आणावी लागतात, ग्रुप S3.

निशिगंध
मग खडूफळा यांच्या युक्तिवादात नेमकं काय मोडतं?

दोनाचा_वैरी
'δ चा −δ होतो.' इथे −δ आणि δ एकच. अदलाबदल झाली तरी δ ला पत्ता लागत नाही. उपाय म्हणून δ ऐवजी अशी राशी घ्या जी अदलाबदलीत खरंच बदलते: α²β + β²γ + γ²α. तिची जोडी αβ² + βγ² + γα². x³ + px + q साठी दोघींची बेरीज 3q, गुणाकार p³ + 9q². म्हणजे

y² − 3qy + p³ + 9q²

या वर्गघातीला पायात मूळ असेल तर A3, नसेल तर S3. हिचा स्वतःचा विवेचक काढा: 9q² − 4p³ − 36q² = −4p³ − 27q². तोच जुना. म्हणून जिथे 2 शून्य नाही तिथे दोन्ही कसोट्या एकच आहेत. x³ − t साठी, 2 च्या मापात, y² + ty + t². y = tz ठेवलं की z² + z + 1, ज्याला F₂(t) मध्ये मूळ नाही. S3 बरोबर निघाला.

माझं मत: शिकवताना हीच वर्गघाती आधी द्यावी, विवेचक नंतर.

ऋणचिन्ह
एम.एस्सी.च्या पोरांना पहिल्याच तासाला α²β + β²γ + γ²α? विवेचक दहावीपासून ओळखीचा आहे. अपवाद शेवटी सांगावा.

दोनाचा_वैरी
अपवाद शेवटी सांगतो म्हणतात आणि तास संपतो.

प्रश्नचिन्ह_७
थोडं अवांतर. तीन वास्तव मुळे असूनही कार्दानोच्या सूत्रात ऋण संख्येचं वर्गमूळ येतं, ते या विवेचकामुळेच का?

खडूफळा
हो. सूत्रात आत √(q²/4 + p³/27) येतं, ते म्हणजे √(−D/108). D धन, म्हणजे तिन्ही मुळे वास्तव, की नेमकं तिथेच ऋण. x³ − 3x + 1 मध्ये आत −3/4 येतो. तिथे A3 की S3 याचा संबंध नाही. x³ − 4x + 2 लाही तोच त्रास. बाकी यावर वेगळा धागा काढा, हा भरकटेल.

निशिगंध
मूळ मुद्द्यावर येते. एक शेवटचं. सरावात x³ − 12x + 8 आलं. ±1, ±2, ±4, ±8 तपासले, एकही मूळ नाही. D = 4·1728 − 27·64 = 6912 − 1728 = 5184 = 72². A3. यात काही सापळा आहे का?

वळणाचं_पाणी
सापळा नाही, ओळखीचा चेहरा आहे. x = 2y ठेवून 8 ने भागा: y³ − 3y + 1. वरचीच 2cos40° वाली. 5184 = 64·81.

प्रश्नचिन्ह_७
आणि चतुर्घाती असेल तर? D वर्ग आला की चक्रीय?

ऋणचिन्ह
अजिबात नाही. तिथे D वर्ग म्हणजे ग्रुप A4 च्या आत, इतकंच. आणि चार घटकांचा चक्रीय ग्रुप A4 मध्ये बसतच नाही, कारण चारचं चक्र विषम आहे. म्हणजे अविभाज्य चतुर्घातीचा D वर्ग आला तर तो चक्रीय *नाही* हे नक्की. पुढचं नवीन धाग्यात.

टिवल्या_बावल्या
नवीन धाग्याचं शीर्षक: '18bcd नंतर अजून किती पदं?'

कमांडलाईन
चतुर्घातीच्या विवेचकात सोळा पदं असतात. पाठ करायला शुभेच्छा.